हप्ता कधी सुटतो? पथदर्शी प्रकल्पाचा निधी टप्प्यांना बांधताना

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काटोलकडच्या दहा संत्राबागांमधल्या पाणीमीटरच्या नोंदी माझ्या टेबलावर आल्या. नोंदी म्हणजे काय, कोरे रकाने. करारात अट होती की दहापैकी आठ बागांमधून आठवड्याला तीनदा पाणी दिल्याची नोंद आली पाहिजे, तरच दुसरा हप्ता सुटेल. मी क्षेत्रावरच्या कार्यकर्त्याला जरा चिडूनच फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ताण देऊन राहिले ना शेतकरी, मीटर कुठून फिरन?"

आंबिया बहारासाठी, म्हणजे फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात झाडाला ताण देतात, म्हणजे त्याचं पाणी तोडतात, हे नागपुरात वाढलेल्या मला माहीत नव्हतं असं नाही. पण अट लिहिताना मी हिशेबाच्या टेबलावर बसले होते, बागेत नाही. प्रकल्प उत्तम चालला होता, शेतकरी नीट वागत होते, आणि माझ्याच हाताने लिहिलेल्या अटीमुळे हप्ता अडकला होता. टप्प्याटप्प्याने निधी सोडायची पद्धत नव्याने वापरणाऱ्यांसाठी हा लेख लिहिताना तो फोन डोळ्यासमोर आहे.

पद्धत थोडक्यात अशी. प्रकल्पाचे टप्पे पाडायचे आणि दोन टप्प्यांच्या मध्ये एक तपासणी ठेवायची. आधी ठरलेले निकाल दिसले तर पुढचा हप्ता सोडायचा, नाही तर थांबायचं, बदलायचं किंवा बंद करायचं. स्टेज-गेट हे नाव कॅनडातले रॉबर्ट कूपर यांनी कारखान्यांच्या नव्या उत्पादनांसाठी रूढ केलं. आमच्याकडे सगळे त्या गेटला 'फाटक' म्हणतात आणि इथेही मी तेच म्हणणार आहे. रेल्वे फाटकासारखंच ते. कधी उघडणार हे आधी माहीत असेल तर माणूस शांतपणे उभा राहतो, नसेल तर हॉर्न वाजवतो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. ते अशा कामांच्या धर्तीवर बेतलेलं आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. नागपुरातली एक संस्था काटोल आणि कळमेश्वर तालुक्यांतल्या ४० शेतकऱ्यांच्या प्रत्येकी एक एकर संत्राबागेत ओलावा पाहून पाणी द्यायचा प्रयोग करणार आहे. प्रत्येक बागेत एक पाणीमीटर आणि जमिनीतला ओलावा दाखवणारे दोन टेन्शिओमीटर, एक फूटभर खोल आणि दुसरा दोन फुटांवर. कार्यकर्ता आठवड्यातून दोनदा टेन्शिओमीटर वाचतो आणि ठिबक किती तास चालवायचं ते व्हॉट्सअॅपवर कळवतो. शेतकरी मीटरचा फोटो पाठवतो. पैसा एका कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून येणार आहे, एकूण २४ लाख रुपये, मुदत १ ऑक्टोबरपासून पुढच्या नोव्हेंबरअखेर म्हणजे १४ महिने.

आधी खर्चाचे दोन ढीग करा

नवखी माणसं आधी हप्ते किती ते ठरवतात आणि मग रक्कम त्या संख्येने भागतात. उलटं करा. सगळा खर्च समोर घ्या आणि त्याचे दोन ढीग करा. एकात काम चालो न चालो, दर महिन्याला जाणारा पैसा. दुसऱ्यात ठरावीक वेळी एकदाच जाणारा पैसा.

आपल्या उदाहरणात दरमहा जाणारा खर्च असा आहे: दोन कार्यकर्त्यांचा पगार ३६ हजार, अर्धवेळ समन्वयक २० हजार, प्रवास १० हजार, कार्यालय आणि ऑडिट मिळून ९ हजार. एकूण ७५ हजार. चौदा महिन्यांचे झाले १० लाख ५० हजार. हा आकडा पाठ करा. प्रकल्प एक महिना लांबला तर किती लागतील, याचं उत्तर तोच आकडा आहे.

उरलेले साडेतेरा लाख दुसऱ्या ढिगात. ४० बागांचे संच प्रत्येकी १५ हजारांप्रमाणे ६ लाख, जुन्या ठिबकच्या दुरुस्तीला बागेमागे १० हजार म्हणजे ४ लाख, सल्ला न मिळणाऱ्या, तुलनेसाठीच्या २० बागांमध्ये नुसते मीटर लावायला ८० हजार, शेतकरी बैठका आणि प्रशिक्षण १ लाख २० हजार, बाहेरच्या माणसाकडून पडताळणी दीड लाख.

आता या दुसऱ्या ढिगातला प्रत्येक खर्च कॅलेंडरवर ठेवा. इथे पीकच मालक असतं. आंबिया बहारात डिसेंबर ते जानेवारीचा मध्य ताण असतो, नंतर पाणी सुरू होतं, फेब्रुवारीत फुलं येतात. पाण्याची खरी ओढाताण फेब्रुवारी ते मे. ऑक्टोबरनंतर तोडणी. म्हणजे चाळीसही संच जानेवारी संपायच्या आत बागेत पाहिजेत. फेब्रुवारीच्या शेवटी बसवले तर उन्हाळ्यातला एक महिना गेला, आणि एप्रिलमध्ये बसवले तर प्रयोग पुढच्या वर्षावर.

हप्ते समान नसतात

या कॅलेंडरवरून हप्ते आपोआप पडतात. एक नियम तेवढा लक्षात ठेवायचा. प्रत्येक हप्त्यात पुढच्या फाटकाच्या तारखेपर्यंतचाच नाही, तर निर्णय होऊन पैसा खात्यात येईपर्यंतचा मासिक खर्च बसला पाहिजे. कागद देणं, बैठक, मंजुरी, बँक यांत महिना सहज जातो. म्हणून मी फाटकापुढे किमान महिनाभराचा पगार धरते.

पहिला हप्ता करारावर सह्या झाल्यावर. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांचे ३ लाख, दहा बागांचे चाचणी संच दीड लाख, तुलनेच्या बागांचे मीटर ८० हजार, बैठकांना ४० हजार. एकूण ५ लाख ७० हजार.

दुसरा हप्ता पहिल्या फाटकावर, डिसेंबरच्या मध्यात. उरलेले ३० संच ४ लाख ५० हजार, ठिबक दुरुस्ती ४ लाख, प्रशिक्षण ४० हजार, फेब्रुवारी ते एप्रिलचे २ लाख २५ हजार. एकूण ११ लाख १५ हजार.

तिसरा हप्ता मार्चच्या सुरुवातीला. मे ते जुलैचे २ लाख २५ हजार आणि पडताळणीचे ७५ हजार, म्हणजे ३ लाख. चौथा जूनच्या मध्यात. ऑगस्ट ते नोव्हेंबरचे ३ लाख, शेवटच्या बैठका ४० हजार, दुसरी पडताळणी ७५ हजार, मिळून ४ लाख १५ हजार. चारही हप्ते मिळून बरोबर २४ लाख होतात.

दुसरा हप्ता जवळजवळ निम्मा आहे हे पाहून निधी देणाऱ्याच्या कपाळावर आठ्या येतात. "सहा-सहा लाखांचे चार करा ना," असं हमखास ऐकायला मिळतं. करून बघू. पहिल्या सहा लाखांतून ५ लाख ७० हजार खर्च होऊन ३० हजार उरले. दुसरे सहा आले, हातात ६ लाख ३० हजार. पण संच, ठिबक आणि प्रशिक्षणालाच ८ लाख ९० हजार लागतात. पगार एक पैसाही न देता २ लाख ६० हजारांची तूट, आणि तीही अशा महिन्यात की जेव्हा पाणी सुरू व्हायला पंधरा दिवस राहिलेत. समान हप्ते कागदावर शिस्तशीर दिसतात, पण या प्रयोगात त्यांनी उन्हाळा हातचा जातो. ही आकडेमोड बैठकीत फळ्यावर करून दाखवा, वाद पाच मिनिटांत मिटतो.

मोठ्या हप्त्याची भीती मात्र खोटी नाही. तिच्यावर उपाय हप्ता कापण्यात नाही, तर त्याआधीचं फाटक कडक ठेवण्यात आहे. म्हणूनच पहिल्या टप्प्यात फक्त दहा संच घेतले. ते बागेत टिकतात का, शेतकरी फोटो पाठवतो का, हे दीड लाखात कळतं.

इथे एक मोह सांभाळायचा. संच विकणारा म्हणतो, चाळीस एकदम घ्या, स्वस्तात देतो. सुटलेल्या हप्त्यापेक्षा जास्त रकमेची ऑर्डर दिली की फाटक नावापुरतं उरतं, कारण आता थांबायचं म्हटलं तरी देणं अंगावर आहे. चाळीसचा भाव ठरवा, पण माल दोन खेपांत आणि दुसरी खेप रद्द करायचा हक्क ऑर्डरवर लिहून घ्या. आमच्याकडे विक्रेत्याने थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं.

निकाल कोणता धरायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अट लिहिताना मी तीन गोष्टी विचारते: हे संस्थेच्या हातात आहे का, फाटकाच्या तारखेला ते मोजता येईल का, आणि हाच आकडा गाठायचा म्हणून कुणी चुकीचं वागेल का.

हातात असण्याचा धडा मी दुसऱ्याच एका प्रकल्पात घेतला. तिथे अट होती की शेतकऱ्यांचं उत्पन्न २० टक्क्यांनी वाढलं तर शेवटचा हप्ता. ऐकायला किती छान! त्या हंगामात नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडला. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं तरी इथला भाव बसतो, त्यात काटोलच्या कार्यकर्त्याचा काय दोष? हप्ता चार महिने अडकला, दोन्ही पोरं नोकरी सोडून गेली, आणि शेवटी पैसा आला तेव्हा काम करायला कुणी नव्हतं. उत्पन्न जरूर मोजा, अहवालात लिहा, पण हप्ता त्याला बांधू नका.

दुसरं, मोजण्याची खिडकी. पहिल्या फाटकाची अट आम्ही नंतर अशी बदलली: १ ते ३० नोव्हेंबर या काळात दहापैकी आठ चाचणी बागांमधून आठवड्याला दोन मीटर-फोटो आले पाहिजेत. पाणी दिलं असो वा नसो, फोटो हवा. आकडा पुढे सरकला नसेल तर तीही माहितीच आहे, ताणाच्या काळात तर तीच पाहिजे असते. शिवाय ४० शेतकऱ्यांचे संमतिपत्र सातबाऱ्यासह, आणि तुलनेच्या वीसही बागांचं सुरुवातीचं मीटर वाचन. पहिल्या फाटकाला एवढं पुरे. या टप्प्यावर पाणी किती वाचलं हे विचारणं म्हणजे पेरलेल्या दिवशी कणीस मागणं.

दुसऱ्या फाटकाला, मार्चच्या सुरुवातीला, प्रश्न वेगळा आहे: यंत्रणा चालते का आणि शेतकरी सल्ला ऐकतो का? अट अशी की ४० पैकी ३६ बागांत संच ३१ जानेवारीपर्यंत बसलेले, फेब्रुवारीतल्या आठ फोटोंपैकी किमान सात आलेले, आणि पाठवलेल्या सल्ल्यांपैकी ६० टक्के वेळा शेतकऱ्याने दुसऱ्या दिवसापर्यंत तसं पाणी दिलेलं. शंभर टक्के मागू नका. शेतकऱ्याच्या घरी लग्न असतं, मोटर जळते, विहिरीत पाणी नसतं. अट शंभराची ठेवली की नोंदी शंभराच्याच येतात, आणि त्या खऱ्या नसतात.

तिसरं फाटक हे प्रयोगाचं हृदय. १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात झाडामागे दिलेलं पाणी तुलनेच्या बागांपेक्षा किमान १५ टक्क्यांनी कमी. झाडामागे म्हणजे मीटरचा फरक भागिले जिवंत झाडं. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात, पण डिंक्या रोगाने किती गेली ते बागेत जाऊन मोजा, सुरुवातीलाच, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन.

नुसती ही एक अट ठेवली तर काय होईल? पाणी वाचवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे झाड सुकवणं. म्हणून तिच्या जोडीला उलट बाजूची अट हवी: फळगळ तुलनेच्या बागांपेक्षा जास्त नसावी. त्यासाठी प्रत्येक बागेत पाच झाडं निवडून प्रत्येकाच्या चार दिशांच्या चार फांद्यांना फीत बांधायची आणि फळधारणेनंतर व मेअखेर त्या फांद्यांवरची फळं मोजायची. कंटाळवाणं काम आहे, एका बागेला अर्धा दिवस जातो. पण आकड्याला जोडीदार आकडा दिल्याशिवाय हप्ता बांधू नका, या मतावर मी ठाम आहे.

तुलनेच्या बागा निवडताना शेजारची बाग टाळा. आम्ही एकदा बांधाला बांध लागून असलेल्या बागा घेतल्या आणि उन्हाळ्यात त्यांचंही पाणी कमी होताना दिसलं. सल्ल्याचा मेसेज गावच्या ग्रुपवर पुढे पाठवला जात होता! प्रयोगाचा तो विजयच म्हणायचा, पण फरक मोजायला काही उरलं नाही. माती आणि झाडांचं वय सारखं असलेली, पण दुसऱ्या गावातली बाग घ्या.

हो आणि नाही यांच्या मधली पट्टी

१५ टक्के ठरले आणि निकाल १३ आला तर? हे करारात नसेल तर जूनमध्ये भांडण ठरलेलं. तीन पट्ट्या आधीच लिहा. १५ किंवा जास्त असेल तर पूर्ण हप्ता. ८ ते १५ च्या मध्ये असेल तर पगारापुरते पैसे सुटतील, कारण शोधायला सहा आठवडे मिळतील, आणि पावसाळ्यानंतरचं काम नव्या आराखड्याने करायचं. ८ च्या खाली असेल तर प्रयोग थांबवायचा. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण प्रयोग सुरू व्हायच्या आधी. निकाल पाहून ओढलेली रेघ नेहमी कुणाच्या तरी सोयीची असते.

निसर्गाचंही लिहा. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. गार पडलेल्या बागेचा पंचनामा झाला असेल तर ती बाग मोजणीतून वगळायची, आणि वगळलेल्या बागा दहाच्या वर गेल्या तर फाटकाची तारीख दोन्ही बाजूंनी बसून ठरवायची. पाऊस सगळीकडे सारखा झाला तर तुलनेच्या बागा ते सांभाळून घेतात, त्यासाठीच त्यांच्यावर ८० हजार घातले.

थांबण्याचाही खर्च असतो, हे बहुतेक करारांत नसतं. निर्णय महिनाभर लांबला तर ७५ हजार कोण देणार? आम्ही लिहून घेतो की संस्थेने सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत उत्तर, होकारानंतर १० दिवसांत पैसा, आणि उत्तर वेळेत नाही आलं तर कार्यकर्त्यांचा ३६ हजार मासिक पगार निर्णय होईपर्यंत देणाऱ्याकडून. पहिल्यांदा हे कलम वाचून देणाऱ्याकडचे साहेब हसले होते. नंतर त्यांनीच ते त्यांच्या दुसऱ्या करारांत घातलं असं कानावर आलं.

पडताळणी: खोटी नोंद कशी ओळखावी

विनियोग प्रमाणपत्र आणि निकालाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीएने सही केलेलं प्रमाणपत्र सांगतं की पैसा ठरलेल्या बाबीवर गेला. त्यातून मीटर बागेत फिरतंय की गोदामात पडलंय हे कळत नाही. फाटकावर दोन्ही लागतात.

चाळीस बागा पाहायची गरज नाही. आठ पुरे, पण त्या भेटीच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि कार्यकर्त्याला गाडीत बसल्यावर सांगा. बागेत गेल्यावर मीटरचा क्रमांक यादीशी जुळवा, चालू वाचन टिपा आणि शेवटच्या फोटोतल्या आकड्याशी ताडून पाहा. आजचा आकडा गेल्या आठवड्याच्या फोटोपेक्षा कमी असेल तर काहीतरी नक्की चुकलंय.

कार्यालयात बसूनही बरंच दिसतं. सगळे आकडे शून्यावर किंवा पाचावर संपत असतील तर ते मीटरवरून नाही, मनातून आले आहेत. दोन बागांचा आठवड्याचा फरक हुबेहूब सारखा असेल तर एकाच विहिरीवर दोन नोंदी होत असतील. आणि विजेचं वेळापत्रक पाहा. शेतीपंपांना काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज मिळते. फीडरला रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात दुपारी दोनला चार तास पाणी दिल्याची नोंद असेल तर विचारा. सौर पंप असेल तर अर्थातच वेगळं, म्हणून संमतिपत्रात पंपाचा प्रकार लिहून घ्या. तरी एकदम चोरी ठरवू नका. आमच्याकडे अशा तीन नोंदी निघाल्या, त्यातल्या दोन शेजाऱ्याच्या इंजिनवर दिलेल्या पाण्याच्या होत्या.

८० टक्क्यांची अट आणि ३१ मार्च

आता पैशाच्या बाजूच्या दोन अडचणी. दोन्ही निकालाशी संबंधित नाहीत, तरी हप्ता अडवतात.

बरेच देणारे म्हणतात की आधीच्या हप्त्याचे ८० टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा नाही. आपल्या उदाहरणात बघा. डिसेंबरच्या मध्यात पहिल्या हप्त्यातले साधारण ४ लाख ५७ हजार गेलेले असतात, म्हणजे ८० टक्क्यांच्या अगदी काठावर. मार्चच्या सुरुवातीला दुसऱ्यातले ९ लाख ६५ हजार, म्हणजे ८६ टक्के. पण जूनच्या मध्यात तिसऱ्या ३ लाखांपैकी दीड महिन्याचा पगार आणि पडताळणी धरून १ लाख ८७ हजारच गेलेले असतात, ६२ टक्के. निकाल उत्तम आला तरी चौथा हप्ता अडणार, कारण निर्णयाच्या महिन्यासाठी आपण मुद्दाम पैसा राखून ठेवला होता. उपाय सोपा आहे. अट एका हप्त्यावर नाही तर आतापर्यंत मिळालेल्या एकूण रकमेवर घालून घ्या. तोच जूनचा दिवस, मिळाले १९ लाख ८५ हजार, खर्च १८ लाख ७२ हजार, म्हणजे ९४ टक्के. खर्च तोच, मोजायची रीत बदलली.

दुसरी अडचण मार्चअखेरची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली कंपनीला सीएसआरचा पैसा त्या आर्थिक वर्षात खर्च करायचा असतो. आपला प्रकल्प ऑक्टोबरला सुरू होऊन पुढच्या नोव्हेंबरला संपतो, म्हणजे दोन आर्थिक वर्षांत. कंपनीच्या संचालक मंडळाने तो 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला असेल तर ३१ मार्चला न दिलेली रक्कम ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या अखर्चित सीएसआर खात्यात जाते आणि तिथून जूनचा हप्ता देता येतो. तसं मंजूर केलं नसेल तर ती रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या निधीकडे जाते. मग फेब्रुवारीत कंपनीतून फोन येतो: सगळे उरलेले पैसे आत्ताच घेऊन टाका.

घेऊ नका. एक तर तिसरं फाटक संपलं, पैसा आधीच आलाय म्हटल्यावर जूनच्या आकड्याला कोण विचारतो? दुसरं, संस्थेच्या खात्यात गेला म्हणजे खर्च झाला असं होत नाही. दिलेला पैसा ठरलेल्या कामावर वापरला गेला हे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं, आणि तुमच्या खात्यात पडून असलेल्या ४ लाख १५ हजारांबद्दल ते प्रमाणपत्र कसं देणार? म्हणून सप्टेंबरातच, सह्यांच्या आधी, एक प्रश्न विचारा: हा प्रकल्प संचालक मंडळाच्या ठरावात चालू प्रकल्प म्हणून आहे का? ठरावाची प्रत मागा. संकोच वाटतो, पण कंपन्यांना या मागणीची सवय असते.

बंद करायची वेळ आली तर

समजा जूनमध्ये ७ टक्के आले. चौथा हप्ता येणार नाही. पण जुलैअखेरपर्यंतचा मासिक खर्च तिसऱ्या हप्त्यात आहेच, तेच गुंडाळायचे पैसे. दोन्ही कार्यकर्त्यांना महिन्याची आगाऊ सूचना, शेतकऱ्यांची एक बैठक ज्यात निकाल जसा आहे तसा सांगायचा, आणि वस्तूंची वाटणी. मीटर आणि टेन्शिओमीटर कुणाचे, हे संमतिपत्रातच असावं. आम्ही शेतकऱ्याचेच ठेवतो, उपटून आणायला लागणाऱ्या खर्चात ते परवडतं. नोंदींची वही आणि फोटो मात्र संस्थेकडे, एक प्रत देणाऱ्याकडे.

खात्यात उरलेली रक्कम व्याजासकट परत करायची. त्यासाठी प्रकल्पाचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलेलं बरं, नाहीतर ऑगस्टमध्ये बसून व्याजातलं कोणतं कुणाचं हे वेगळं करत बसावं लागतं. मी एकदा केलंय, तीन दिवस गेले आणि शेवटी चौदाशे रुपयांचा फरक सापडलाच नाही.

शेवटच्या बैठकीला काटोलला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. जूनमध्ये दुपारी बागेत कुणी बसत नाही.